एकच पूल, दोन गॅलन: क्लोरीनच्या हिशेबात सापडलेली चूक

पुण्याच्या पश्चिम उपनगरातल्या एका मध्यम आकाराच्या सोसायटीतलं हे प्रकरण. सोसायटीची, एजन्सींची आणि माणसांची ओळख काढून टाकली आहे. तारखा थोड्या पुढेमागे केल्या आहेत, मात्र आकड्यांना हात लावलेला नाही. माझं काम स्विमिंग पूलच्या पाण्याची तपासणी करून डोस बसवून देण्याचं. इथे मात्र मला पाण्यासाठी बोलावलंच नव्हतं. बोलावलं होतं चोरीच्या संशयावरून.

पार्श्वभूमी

पूल नव्वदच्या दशकातला, उघड्यावरचा, ५० फूट बाय २५ फूट. एका टोकाला उथळ, दुसऱ्या टोकाकडे एकसारखा उतार. निर्जंतुकीकरणासाठी ६५ टक्के कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणे वापरतात. ऑपरेटर संध्याकाळी पूल बंद झाल्यावर बादलीभर पाण्यात दाणे टाकून ढवळतो आणि ते पाणी काठाकाठाने फिरून सोडतो. पाण्यात पावडर टाकायची, पावडरीवर पाणी ओतायचं नाही, एवढं त्याला पक्कं शिकवलेलं होतं. रोजचा डोस ठरलेला: पाण्यात २ पीपीएम क्लोरीन वाढेल इतका.

पीपीएमचा हिशेब लिटरमध्ये अगदी सोपा आहे. हजार लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे एक पीपीएम. म्हणून पुलात किती हजार लिटर पाणी आहे ते पाहायचं, त्याला हव्या त्या पीपीएमने गुणायचं आणि मालाच्या ताकदीने भागायचं. ६५ टक्के मालासाठी ०.६५ ने. या तीनपैकी दोन आकडे पिशवीवर आणि चार्टवर छापलेले असतात. तिसरा, म्हणजे पाण्याचा, ज्याचा त्याने शोधायचा असतो. या सोसायटीत तो दोन ठिकाणी लिहिलेला होता, आणि दोन्हीकडे गॅलनमध्ये.

पंपरूमच्या दाराशी रंगाऱ्याने रंगवलेला जुना बोर्ड आहे: कपॅसिटी ३१,००० गॅलन. फिल्टर प्लांटसोबत आलेलं एक मॅन्युअल सेक्रेटरींच्या कपाटात आहे. त्यात पुलाची क्षमता ३७,४०० गॅलन, पाणी फिरण्याचा वेळ सहा तास आणि प्रवाह मिनिटाला १०४ गॅलन, असं टाइप केलेलं. दोन्ही कागद, म्हणजे एक भिंत आणि एक कागद, इतकी वर्षं एकमेकांपासून तीस पावलांवर होते आणि त्यांची गाठ कधी पडली नव्हती.

अडचण

मार्चअखेरपर्यंत एक एजन्सी होती, १ एप्रिलपासून दुसरी आली. ऑपरेटर तोच राहिला, बीडकडचा पंचविशीतला मुलगा. मे महिन्याच्या सुरुवातीला खजिनदारबाईंनी स्टॉक रजिस्टर काढलं. त्या बँकेतून निवृत्त झालेल्या, बेरजा तोंडी करणाऱ्या. मार्चमध्ये क्लोरीनचे दाणे लागले ११ किलो २०० ग्रॅम. एप्रिलमध्ये १५ किलो ९०० ग्रॅम. पूल तोच, माल त्याच दुकानाचा, मुलांच्या सुट्ट्या अजून पुरत्या लागलेल्या नाहीत, मग ४२ टक्के वाढ आली कुठून? कमिटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "माल बाहेर विकला जातोय." कोण विकतोय हे म्हणायची गरज पडली नाही. चावी एकाकडेच होती.

त्याआधीच्या दोन तक्रारीही होत्या, पण त्या कोणी या हिशेबाला जोडल्या नव्हत्या. मार्चमध्ये रविवारी संध्याकाळी पुलाच्या भिंती हाताला निसरड्या लागायच्या आणि उथळ कोपऱ्यात हिरवट झाक दिसायची. एप्रिलमध्ये पाणी स्वच्छ, पण सकाळच्या बॅचच्या दोन-तीन जणांनी डोळे झोंबतात म्हणून लिहून दिलेलं. मार्चच्या तक्रारीचं उत्तर "माल हलका आहे" असं निघालं होतं आणि एप्रिलच्या तक्रारीचं "माल कडक आहे" असं. दुकानदार बिचारा दोन्ही वेळा शिव्या खाऊन गेला.

पहिल्या भेटीत काय दिसलं

मी आधी ऑपरेटरला भेटलो. रजिस्टर मागितलं तर त्याने रजिस्टरसोबत मगही आणला. निळा, प्लास्टिकचा, आंघोळीचा. त्याच्यावर काळ्या मार्करने दोन रेघा. खालची पुसट, वरची ठळक.

"ही काय रे?" मी विचारलं.

"सर, खालची जुन्या एजन्सीची. तीनशेसाठ ग्रॅम. वरची नवीन साहेबांनी मारून दिली, पाचशेवीस. मी काट्यावर तोलून रेघ मारली दोन्ही वेळंला."

३६० ग्रॅम गुणिले ३१ दिवस म्हणजे ११ किलो १६० ग्रॅम. ५२० गुणिले ३० म्हणजे १५ किलो ६०० ग्रॅम. एप्रिलमध्ये एका रविवारी गर्दीनंतर ३०० ग्रॅम जादा टाकल्याची नोंद होती. झाले १५ किलो ९००. चोरीचा प्रश्न खरं म्हणजे इथेच, मगावरच्या दोन रेघांवर मिटला. पण त्याच्यापेक्षा मोठा प्रश्न उरला: त्याच पुलाला दोन एजन्सींनी दोन वेगळे डोस का दिले? त्यांच्यात बरोबर कोण?

दोन्ही चार्ट मागवले. जुन्या एजन्सीच्या मुलाने बोर्डावरचे ३१,००० गॅलन घेतले, मोबाइलवर गॅलनचे लिटर केले, ३.७८५ ने गुणून १,१७,००० लिटर काढले. त्यावरून ३६० ग्रॅम. नव्या एजन्सीच्या सुपरवायझरने रंगवलेल्या बोर्डापेक्षा टाइप केलेलं मॅन्युअल विश्वासाचं मानलं, ३७,४०० गॅलन घेतले आणि सेक्रेटरीकाकांना विचारलं, "काका, एक गॅलन म्हणजे किती लिटर?" काका सरकारी खात्यात आयुष्यभर पाण्याच्याच कामावर होते. त्यांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "साडेचार." ३७,४०० गुणिले साडेचार, १,६८,००० लिटर. त्यावरून ५२० ग्रॅम.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते चिडलेच. "साडेचारच असतो गॅलन. मोबाइलला काय कळतंय?" आणि जुन्या एजन्सीच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "सर, गूगलवर ३.७८ दाखवतंय, मी माझ्या मनाने नाही टाकलं."

दोघंही खरं बोलत होते.

दोन गॅलन

गॅलन नावाची दोन मापं आहेत. ब्रिटिश म्हणजे इंपीरियल गॅलन १८२४ मध्ये ठरला, दहा पौंड पाण्याला जेवढी जागा लागते तेवढा. लिटरमध्ये तो ४.५४६. आपल्याकडे मेट्रिक मापं येण्याआधी हाच चालायचा, म्हणून काकांच्या पिढीला "साडेचार" पाढ्यासारखा पाठ. अमेरिकेचा गॅलन त्याहून जुन्या इंग्लिश वाइन गॅलनवरून आलेला, २३१ घन इंचांचा, म्हणजे ३.७८५ लिटर. मोबाइलमध्ये नुसतं गॅलन टाकलं की बहुतेक वेळा हाच निघतो.

एक इंपीरियल गॅलन म्हणजे सव्वापेक्षा थोडा कमी, १.२ अमेरिकन गॅलन. आता ३७,४०० ला ३१,००० ने भागून पाहा. १.२ च्या आसपासच येतं. एकाच टाकीसाठी दोन कागदांवर दोन गॅलन सापडले आणि त्यांचं गुणोत्तर १.२ निघालं, तर कोणीतरी चुकलंय असं धरण्याआधी दोघं वेगळ्या गॅलनमध्ये बोलतायत का हे पाहावं. ३१,००० ला ४.५४६ ने गुणलं की १,४०,९०० लिटर येतात. ३७,४०० ला ३.७८५ ने गुणलं की १,४१,६००. बोर्ड आणि मॅन्युअल यांच्यात सातशे लिटरचा फरक, एवढ्या पुलात तो कोणी मोजूही शकणार नाही.

म्हणजे दोन्ही लेखी आकडे बरोबर होते आणि गॅलन-लिटरचे दोन्ही गुणकही बरोबर होते. चुकल्या होत्या जोड्या. एका एजन्सीने ब्रिटिश आकड्याला अमेरिकन गुणक लावला, दुसरीने अमेरिकन आकड्याला ब्रिटिश. पहिलीचा डोस गरजेपेक्षा १७ टक्के कमी पडला, दुसरीचा १९ टक्के जास्त झाला, आणि दोन्हींमधलं अंतर खजिनदारबाईंना रजिस्टरमध्ये चाळीसच्या वर दिसलं.

हे कागदावर छान जुळतं म्हणून मला लगेच खरं मानवेना. गुणोत्तर १.२ येणं हा पुरावा नाही, इशारा आहे. मॅन्युअल वेगळ्याच पुलाचं असू शकतं, पूल नंतर खोल किंवा उथळ केलेला असू शकतो. पाणी प्रत्यक्ष मोजणं भाग होतं.

कोणते पर्याय होते

सगळ्यात चोख मार्ग म्हणजे पूल रिकामा करून पाण्याच्या मीटरवरून भरणे. मे महिन्यात पुण्यात दहा हजार लिटरचे चौदा टँकर मागवायची सूचना कमिटीपुढे ठेवणं म्हणजे स्वतःची हकालपट्टी मागण्यासारखं होतं. तरी मी ठेवली, कारण पर्याय म्हणून ती नोंदवायला हवी होती. अपेक्षेप्रमाणे अर्ध्या मिनिटात फेटाळली गेली, आणि बरोबरच फेटाळली. वीस टक्क्यांचा वाद सोडवायला टेप पुरतो.

दुसरा पर्याय सेक्रेटरीकाकांनी स्वतःच करून टाकला होता. पुलाच्या काठावर खोलीचे आकडे रंगवलेले आहेत, उथळ टोकाला साडेतीन फूट, खोल टोकाला साडेपाच. सरासरी साडेचार फूट, गुणिले ५०, गुणिले २५, म्हणजे ५,६२५ घनफूट. एका घनफुटात २८.३२ लिटर. काकांनी १,५९,००० लिटर काढले आणि विजयी मुद्रेने कागद माझ्यासमोर ठेवला. आता तिसराच आकडा. तो जुन्या एजन्सीपेक्षा नव्या एजन्सीच्या बऱ्यापैकी जवळ होता, त्यामुळे काकांचा "साडेचार" खरा ठरतोय असं वाटत होतं.

इथे मी घाई केली असती तर फसलो असतो. ते आकडे काठाच्या वरच्या कडेपासून तळापर्यंतचे आहेत. पाणी कडेपर्यंत नसतं, या पुलात ते स्किमरच्या, म्हणजे तरंगता कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खिडकीच्या तोंडाशी, कडेपासून सहा इंच खाली उभं असतं. सहा इंच म्हणजे किरकोळ वाटतात, पण पुलाचं पृष्ठफळ १,२५० चौरस फूट आहे. एक इंच पाणी म्हणजे जवळपास २,९५० लिटर. सहा इंचांत १७,७०० लिटर नुसत्या हवेचे मोजले गेले होते.

तिसरा पर्याय, आणि मी तोच धरला: पाण्याची खोली प्रत्यक्ष मोजायची, त्यावरून घनफूट काढायचे, आणि मग एका स्वतंत्र तपासणीने तो आकडा पडताळायचा.

काय केलं

सकाळी सातला, पंप बंद असताना, मी आणि ऑपरेटर मोजायला उतरलो. खरं तर तोच उतरला, मी काठावर टेप धरून बसलो. एका लाकडी पट्टीवर इंचांच्या खुणा केल्या होत्या. लांबीच्या दर दहा फुटांवर त्याने पट्टी तळाला टेकवायची आणि पाणी कुठे लागतं ते सांगायचं. उथळ टोकाला तीन फूट, मग तीन फूट पाच इंच, तीन दहा, चार दोन, चार सात, आणि खोल टोकाला पाच फूट. उतार एकसारखा, मध्ये खड्डा नाही, पायऱ्या भिंतीत बसवलेल्या लोखंडी शिडीच्या. असा पूल मोजायला मिळणं नशिबाचं. उतार मध्येच तुटत असेल तर प्रत्येक तुकडा वेगळा मोजावा लागतो, नुसती दोन टोकांची सरासरी चालत नाही.

सरासरी चार फूट. ५० गुणिले २५ गुणिले ४, म्हणजे ५,००० घनफूट. गुणिले २८.३२, म्हणजे १,४१,६०० लिटर.

घनफूट हातात आले की कुठला आकडा कुठल्या गॅलनचा हे एका भागाकारात कळतं, आणि हा भागाकार मी आता प्रत्येक जुन्या पुलाला करतो. गॅलनचा आकडा घनफुटांनी भागायचा. उत्तर ६.२३ च्या आसपास आलं तर तो इंपीरियल गॅलन, ७.४८ च्या आसपास आलं तर अमेरिकन. बोर्डाचे ३१,००० भागिले ५,००० म्हणजे ६.२. मॅन्युअलचे ३७,४०० भागिले ५,००० म्हणजे ७.४८. उत्तर या दोन्हींपैकी कशाच्याच जवळ आलं नाही, तर मात्र बोर्ड किंवा माप यांपैकी काहीतरी चुकलंय, आणि तिथे गुणक बदलून काही साधत नाही.

पंपावरच्या पत्र्याच्या प्लेटनेही साथ दिली. मॅन्युअलमध्ये मिनिटाला १०४ गॅलन. अमेरिकन धरले तर ताशी २३.६ घनमीटर होतात, इंपीरियल धरले तर २८.४. प्लेटवर लिहिलं होतं ताशी २४ घनमीटर. प्लेटवरचा प्रवाह ठरावीक दाबाला असतो, तंतोतंत तेवढाच मिळेल असं नाही, पण इथे प्रश्न २४ की २८ एवढाच होता.

मग पाण्याकडूनच विचारून घेतलं. त्यासाठी क्लोरीन कामाचं नाही. क्लोरीन टाकल्या क्षणापासून ऊन, घाम आणि शेवाळ त्याला खात सुटतात, त्यामुळे किती टाकलं आणि किती वाढलं याचा ताळा लागत नाही. खाण्याच्या सोड्याचं तसं नाही. तो पाण्याची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, वाढवतो आणि एक-दोन दिवस तरी तिथेच राहतो. हजार लिटरला १.६८ ग्रॅम सोडा टाकला की अल्कलिनिटी एक पीपीएम वाढते.

पुलाची अल्कलिनिटी तेव्हा ७० होती, ती तशीही वाढवायचीच होती. १,४०,००० लिटर धरून ४० पीपीएम वाढवायला ९ किलो ४०० ग्रॅम सोडा लागतो. तेवढा तोलून टाकला. नवं पाणी आत घेणारा फ्लोट व्हॉल्व बंद केला, फिल्टर उलटा धुण्याचा बॅकवॉश पुढे ढकलला, त्या दिवशी अ‍ॅसिड टाकू दिलं नाही, आणि फिल्टर बारा तास चालवला. पूल १,१७,००० लिटरचा असता तर वाढ ४८ च्या घरात दिसायला हवी होती, १,६८,००० चा असता तर ३३ च्या. आमच्या किटमध्ये एक थेंब दहा पीपीएम दाखवतो, एवढा जाड काटा इथे उपयोगाचा नव्हता, म्हणून पाण्याचा नमुना दुप्पट घेतला. त्याने एक थेंब पाच पीपीएमचा होतो. दोनदा मोजलं. दोन्ही वेळा ११०. वाढ ४०.

यात एक गोष्ट मला उशिरा सुचली. हाच प्रयोग सोसायटीने नकळत आधीच दोनदा केलेला होता. रजिस्टरमध्ये फेब्रुवारीत जुन्या एजन्सीची नोंद: सोडा ७ किलो ९००, अपेक्षित वाढ ४०, किटवर ३० आली, शेरा "माल हलका". एप्रिलमध्ये नव्या एजन्सीची: सोडा ११ किलो ३००, अपेक्षित वाढ ४०, किटवर ५० आली, शेरा "माल चांगला". एकाच दुकानाचा एकाच कंपनीचा सोडा दोन महिन्यांत हलक्याचा चांगला होत नसतो. ७ किलो ९०० ग्रॅम खऱ्या १,४१,६०० लिटरमध्ये टाकले तर वाढ ३३ ची होते, जाड काट्यावर ती ३० दिसते. ११ किलो ३०० ने ४७ ची होते, ती ५० दिसते. उत्तर दोन महिने रजिस्टरमध्ये लिहून पडलेलं होतं.

परिणाम

पुलाचा आकडा १,४०,००० लिटर असा गोल करून ठरवला. त्याहून बारीक लिहिण्यात अर्थ नव्हता, कारण बाष्पीभवनाने आणि पोरांच्या उड्यांनी पातळी दोन इंच खाली-वर होतेच, आणि दोन इंच म्हणजे सहा हजार लिटर. रोजचा डोस ४३० ग्रॅम. मगावर तिसरी रेघ आली, यावेळी लाल. जुन्या दोन्ही रेघा ऑपरेटरने माझ्यासमोर थिनरने पुसल्या. मेच्या उरलेल्या चौदा दिवसांत ६ किलो दाणे लागले. सकाळच्या चाचणीत क्लोरीन १ ते २ च्या मध्ये राहिलं, झोंबण्याची तक्रार पुन्हा आली नाही, भिंतीही निसरड्या झाल्या नाहीत. यातलं किती श्रेय डोसचं आणि किती त्या पंधरवड्यात बरेच रहिवासी गावी गेल्याचं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

खजिनदारबाईंचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे मार्चपेक्षा तरी जास्तच लागणार ना?" हो. मार्चचा आकडा काटकसरीचा नव्हता, तो कमी डोसचा होता. त्यांना ते पटायला मगावरच्या रेघा आणि सोड्याच्या दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्या लागल्या. पटल्यावर मात्र त्यांनी स्वतःच बोर्ड रंगवून घ्यायचं काम हाती घेतलं. आता त्यावर गॅलन नाही. १,४०,००० लिटर, त्याखाली "पाणी स्किमरच्या मध्यापर्यंत असताना".

काकांनी शेवटपर्यंत म्हटलं, "पण गॅलन साडेचारच." मीही हो म्हटलं. बोर्डाच्या बाबतीत ते खरंच होतं.

कुठे वेगळं करता आलं असतं

दोन्ही एजन्सींनी काम हातात घेताना टेप लावली असती तर पाऊण तासात विषय संपला असता. पण त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. वीस टक्क्यांची चूक पुलात बोंब मारत नाही. रंगाच्या छटेवरून क्लोरीन पाहणाऱ्या किटमध्ये दीड की एक पूर्णांक आठ हे डोळ्याला कळत नाही. लिटरचा आकडा गॅलनच्या खणात भरून चौपट डोस गेला असता तर त्याच दिवशी सगळ्यांना कळलं असतं. ही चूक इतकी लहान होती की प्रत्येक वेळी तिचं खापर मालावर, उन्हावर किंवा गर्दीवर फोडता आलं, आणि इतकी मोठी की महिनाअखेरीस हिशेबात माणूस चोर ठरला.

मी काय वेगळं केलं असतं? एक म्हणजे सोड्याच्या जुन्या नोंदी पहिल्याच दिवशी वाचल्या असत्या. मी क्लोरीनचं पान पाहिलं आणि रजिस्टर मिटलं, कारण मला बोलावलं होतं क्लोरीनसाठी.

दुसरी गोष्ट मनाला जास्त लागते. चोरी झालेली नाही हे मला पहिल्या भेटीत, मगावरच्या रेघा पाहिल्यावरच कळलं होतं. पण "आधी पाण्याचा आकडा पक्का करू, मग एकदमच रिपोर्ट देऊ" म्हणून मी थांबलो. मोजणी, सोड्याची चाचणी, मग कागद टाइप करून सेक्रेटरींना मेल, यात नऊ दिवस गेले. मेल कमिटीच्या पाच जणांना गेला, ऑपरेटरला नाही. त्याच्यावर संशय आहे हे त्याला गेटवरच्या वॉचमनपासून सगळ्यांनी सांगितलं होतं. संशय फिटला हे सांगायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. मे अखेरीस त्याने हिंजवडीकडच्या दुसऱ्या पुलावर काम धरलं. जाताना फोन केला तेव्हा मी त्याला सांगितलं, तर म्हणाला, "सर, मला माहितीच होतं. रेघ मीच मारली होती ना."

मोठ्या पुलाशेजारी लहान मुलांचा एक बेबी पूल आहे. त्याच्या भिंतीवर अजून "कपॅसिटी १,८०० गॅलन" लिहिलेलं आहे. मी दोनदा कळवलं आहे. हे लिहीपर्यंत त्याला टेप लागलेली नव्हती.